व्हाया कुठून?

पासाच्या खिडकीशी नंबर लागला की आतून तीन प्रश्न येतात. कुठून कुठे? कुठल्या क्लासचा? आणि मार्ग फुटत असेल तर तिसरा, व्हाया कुठून? पहिल्या दोहोंची उत्तरं पाठ असतात. तिसऱ्याला मात्र नवखा माणूस अडखळतो आणि मागच्या रांगेतून चुळबुळ सुरू होते. वीस वर्षं पास काढणारी माणसंही त्या कागदावर, किंवा आता मोबाइलच्या पडद्यावर, दोनच गोष्टी वाचतात. एक म्हणजे किती पैसे पडले आणि दुसरी म्हणजे कधी संपतो. बाकीचा मजकूर टीसी वाचतो.

हा लेख त्या बाकीच्या मजकुराबद्दल आहे. मुख्य उदाहरण मुंबईच्या लोकलच्या पासाचंच घेतो, कारण मी डोंबिवलीकर आहे आणि तो पास मला आतून-बाहेरून ठाऊक आहे.

पास काढला म्हणजे आपण नेमकं काय विकत घेतलं? बहुतेकांना वाटतं, महिन्याभराच्या फेऱ्या. लोकलच्या पासावर फेऱ्या मोजल्याच जात नाहीत. सकाळी गेलात, दुपारी घरी जेवायला आलात, पुन्हा गेलात, रात्री सिनेमाला दादरला उतरलात, तरी पास तेवढाच आणि तसाच राहतो. वाटेतल्या कुठल्याही स्टेशनवर उतरावं, काम करावं, पुन्हा चढावं. आपण विकत घेतो तो दोन स्टेशनांमधला एक ठरलेला रस्ता, त्यावरचा एक ठरलेला वर्ग आणि दोन तारखांमधला काळ. हे तिन्ही एका ओळखपत्राला बांधलेलं असतं. या चौकटीत हवं तेवढं फिरा, पण चौकटीबाहेर एक स्टेशन गेलात की तुम्ही विनातिकीट प्रवासी.

पासाची किंमतही फेऱ्यांशी बांधलेली नाही असं वाटतं, पण मुळात ती फेऱ्यांवरूनच आलेली आहे. मासिक पासाचं भाडं साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या हिशेबानं ठरवायचं, असा रेल्वेचा जुना रिवाज. जून २०१४मध्ये भाडेवाढीबरोबर हा हिशेब तीस फेऱ्यांवर नेण्याचं जाहीर झालं, म्हणजे पास एका रात्रीत दुपटीच्या घरात जाणार होता. मुंबईत एवढी ओरड झाली की अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, २४ जूनला, तो निर्णय मागे घेण्यात आला आणि पंधरा फेऱ्यांचा हिशेब कायम राहिला. त्यानंतर १ जुलै २०२५ला लांब पल्ल्याची भाडी वाढली, तेव्हाही उपनगरी भाड्याला आणि पासाला हात लागला नाही. या विषयाला हात लावायचा तर हात भाजतो, हे दिल्लीला तेव्हापासून पक्कं ठाऊक असावं.

आज मात्र प्रत्यक्षात हा आकडा पंधरा भरत नाही. सेकंड क्लासनं डोंबिवली ते सीएसएमटी एकेरी तिकीट १५ रुपये आहे आणि मासिक पास ३१५ रुपये. भागाकार केला तर एकवीस येतात. ठाण्याहून तिकीट १० आणि पास २१५, म्हणजे साडेएकवीस. पासावर रेल्वेप्रकल्पांसाठीचा अधिभार बसतो, रकमा पाचाच्या पटीत आणल्या जातात, त्यामुळे हा फरक पडतो. आपण एकवीस धरून चालू. एकवीस एकेरी फेऱ्या म्हणजे साडेदहा दिवसांचं जाणं-येणं. महिन्यात अकरा दिवस कामावर गेलात की पास वसूल झाला आणि बारावा दिवस फुकट.

पूर्वी हे गणित कुणी मांडत नसे, कारण सगळेच पंचवीस-सव्वीस दिवस जायचे. आता घरून काम आलं आणि गणित जिवंत झालं. आमच्या इमारतीत एक जण आठवड्यातून तीन दिवस कचेरीत जातो. महिन्याला बारा ते तेरा दिवस होतात. तिकिटानं गेला तर रोजचे ३० रुपये, बारा दिवसांचे ३६०. पास ३१५चा, म्हणून त्यानं पास घ्यावा. त्याची बायको दोनच दिवस जाते. तिचे नऊ दिवस धरले तर २७० होतात, म्हणजे पासापेक्षा ४५ रुपये कमी. तरीही ती पास काढते. विचारलं तर म्हणाली, "अहो, पंचेचाळीस रुपयांसाठी दर वेळी तिकीट काढत बसू का? आणि रविवारी आईकडे मुलुंडला जाते, ते कोण मोजणार?" मुलुंड डोंबिवली-सीएसएमटीच्या वाटेवरच आहे. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का निघाला.

फर्स्ट क्लासवाल्यांचं गणित मात्र मे २०२२मध्ये मुळापासून बदललं आणि अजून कित्येकांच्या ते लक्षात आलेलं नाही. ५ मे २०२२पासून एसी लोकलचं आणि फर्स्ट क्लासचं एकेरी मूळ भाडं निम्मं झालं. पासाचे दर होते तिथेच राहिले. तिकीट निम्मं आणि पास तसाच, म्हणजे पास वसूल व्हायला लागणाऱ्या फेऱ्या जवळजवळ दुप्पट झाल्या. पूर्वी जेवढे दिवस गेलं की पास वसूल होई, त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवस आता जावं लागतं. तुमच्या अंतराचा पास भागिले एकेरी तिकीट, आणि जे येईल ते भागिले दोन. एवढा भागाकार फर्स्ट क्लासवाल्यानं एकदा करून पाहावा. सेकंड क्लासवाल्यानं नाही केला तरी चालेल.

आता रस्त्याकडे वळू, कारण माणसं खरी अडकतात ती इथं.

डोंबिवलीत सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळणं हा योगायोग असतो. म्हणून पुष्कळ जण उलटे कल्याणला जातात. खाली जाणारी गाडी पकडायची, तीच गाडी कल्याणहून परत फिरणार असेल तर उतरायचंही नाही, आणि खिडकीशी बसून डोंबिवलीवरून रुबाबात परत यायचं. याला आपल्याकडे 'रिटर्न मारणं' म्हणतात. यात एकच गोष्ट राहून जाते. पास डोंबिवली ते सीएसएमटीचा असतो आणि डोंबिवली ते कल्याण हा तुकडा त्यात नाही. त्या तुकड्यात टीसी भेटला तर तुम्ही विनातिकीट. रेल्वे कायद्याप्रमाणे भाडं आणि त्यावर किमान २५० रुपये जादा आकार बसतो. "साहेब, मी पासवाला आहे, रोज जातो" हे वाक्य तिथं उपयोगाला येत नाही. पासवाला आहात, पण या रस्त्याचे नाही.

गंमत अशी की यावरचा उपाय बहुतेक वेळा फुकट असतो. भाडं किलोमीटरला किलोमीटर वाढत नाही, टप्प्याटप्प्यानं वाढतं. सीएसएमटीहून डोंबिवली ४८ किलोमीटर आणि कल्याण ५३-५४, दोन्ही एकाच टप्प्यात. डोंबिवलीचा सेकंड क्लासचा पास ३१५चा, कल्याणचाही ३१५चाच. तेव्हा डोंबिवलीकरानं खिडकीवर 'डोंबिवली' म्हणण्याऐवजी 'कल्याण' म्हटलं, की एकही पैसा न देता पलीकडचा तुकडा पासात येतो आणि खिडकीची जागा कायदेशीर होते. पास काढताना आपल्या स्टेशनापलीकडच्या एक-दोन स्टेशनांचं भाडं विचारून पाहावं. त्याच टप्प्यात असतील तर पास तिथपर्यंतचाच काढावा. दुसऱ्या टोकालाही हेच. अर्थात तुमचं स्टेशन टप्प्याच्या काठावर असेल तर पुढच्या स्टेशनाला पुढचा दर लागेल आणि मग त्या जागेची किंमत मोजायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. उभं राहण्यापेक्षा स्वस्तच पडते, असं माझे गुडघे सांगतात.

मग 'व्हाया'. मुंबईची लोकल म्हणजे एकच सरळ रेघ असती तर हा प्रश्न आला नसता. पण मध्य आणि पश्चिम रेल्वे दादरला भेटतात, हार्बर कुर्ल्याला मुख्य मार्गाला शिवून वडाळ्याकडे जाते, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर वाशी-पनवेलकडे फुटते. कल्याणहून वाशीला जायचं तर ठाण्याला गाडी बदलून जाता येतं आणि कुर्ल्याला बदलूनही जाता येतं. दोन्हीकडून वाशीच येते, पण पासावर एकच मार्ग छापलेला असतो आणि पास त्याच मार्गाला चालतो. 'व्हाया ठाणे' पास घेऊन कुर्ल्याला सापडलात तर दोन्ही टोकं बरोबर असूनही मधला रस्ता तुमचा नाही. घाटकोपरला मावशीकडे उतरायची सवय असेल तर 'व्हाया ठाणे' पास तुमच्या कामाचा नाही, भले तो जवळचा असो.

डोंबिवली ते अंधेरीचा पास घ्या. व्हाया दादर. या पासावर तुम्ही मध्य रेल्वेनं दादरपर्यंत येता, पूल ओलांडता, पश्चिम रेल्वेनं अंधेरीला जाता. दोन वेगळ्या रेल्वे असल्या तरी पास एकच, त्यासाठी दोन पास काढावे लागत नाहीत. पण एखाद्या संध्याकाळी मित्रांबरोबर मरीन ड्राइव्हला जायचं ठरलं, तर दादर ते चर्चगेट तुमच्या पासात नाही. पास दादरला वळतो. चर्चगेटची गाडी पकडण्याआधी दादरहून तिकीट काढलं पाहिजे. पासाबरोबर पुढच्या तुकड्याचं तिकीट जोडून प्रवास करणं पूर्ण नियमात आहे, फक्त ते आधी काढलेलं हवं. चर्चगेटच्या फाटकावर पोचल्यावर काढू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

या मार्गाच्या नियमाला एक ठरावीक अपवाद आहे आणि तो दर आठवड्याच्या वर्तमानपत्रात छापून येतो. रविवारी मेगाब्लॉक असला की बातमीच्या शेवटी एक वाक्य असतं. हार्बर मार्गाच्या प्रवाशांना ब्लॉकच्या वेळेत अमुक मार्गानं प्रवास करण्याची मुभा आहे. आपण ते वाक्य न वाचता "कुठली गाडी रद्द" एवढंच शोधतो. त्या वाक्याचा अर्थ असा की तेवढ्या तासांपुरता पासावरचा 'व्हाया' सैल झाला. ब्लॉक चार वाजता संपत असेल आणि मुभा सहापर्यंत दिली असेल तर सहापर्यंत. सात वाजता तीच सबब चालणार नाही.

वर्गाबद्दल थोडक्यात सांगतो. वरच्या वर्गाचा पास खालच्या वर्गात चालतो, उलटं नाही. एसीचा पास असलेला माणूस साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये बसू शकतो. गाडी चुकली म्हणून सेकंड क्लासचा पासवाला फर्स्टच्या डब्यात चढला तर त्याची गत रिटर्न मारणाऱ्यासारखीच.

काळाचा हिशेब याहून गमतीचा आहे. लोकलचा 'महिना' तीस दिवसांचा नसतो, तो कॅलेंडरचा असतो. १५ तारखेला सुरू झालेला पास पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला मध्यरात्री संपतो. म्हणजे १ जानेवारीचा पास एकतीस दिवस चालतो आणि १ फेब्रुवारीचा अठ्ठावीस. किंमत तीच. आमचे एक जुने सहप्रवासी दर वर्षी फेब्रुवारीत तीन दिवसांचं नुकसान झाल्याची तक्रार करत आणि मार्चमध्ये ते भरून निघाल्याचं कधी बोलत नसत.

मोबाइलवर पास काढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नवा पास अॅपवर काढला तर तो त्या दिवसापासून नव्हे, दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. सकाळी फलाटावर उभं राहून पास काढला, पैसे कापले गेले, हिरवी खूण आली, आणि माणूस निर्धास्त गाडीत चढला. त्या दिवशी तो विनातिकीटच असतो, कारण पासावर उद्याची तारीख आहे. म्हणून संपायच्या आधीच नूतनीकरण करावं. मुदत संपण्याच्या दहा दिवस आधीपासून ते करता येतं आणि नवा पास जुना संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरला जातो, त्यामुळे आधी काढला म्हणून दिवस बुडत नाहीत. आणि पडद्याचा फोटो काढून ठेवलेला पास हा पास नव्हे. तो अॅपमध्येच उघडून दाखवावा लागतो. बॅटरी संपलेल्या फोनमधला पासही टीसीच्या दृष्टीनं नसल्यातच जमा.

आता ज्या प्रश्नासाठी मला सर्वांत जास्त फोन येतात तो. गावी गेलो, आजारी पडलो, पंधरा दिवस पास पडून राहिला. ते दिवस पुढच्या महिन्यात मिळतात का?

नाही. न वापरलेला दिवस संपला की संपला. तो पुढे सरकत नाही आणि त्याचे पैसे परत येत नाहीत. कारण मघाशी म्हटलं तेच. तुम्ही फेऱ्या घेतलेल्या नाहीत, काळ घेतला आहे, आणि काळ तुम्ही घरी झोपलात तरी जातोच. ते दिवस दुसऱ्याला वापरायला देणं तर गुन्हाच आहे. पासावर ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि ओळखपत्र सोबत नसेल तर खुद्द मालकाच्या हातातलाही पास ग्राह्य धरला जात नाही.

एकदा मात्र दिवस पुढे सरकले. २३ मार्च २०२०पासून लोकल बंद झाली. लाखो लोकांच्या खिशात मार्चचे, काहींच्या खिशात वर्षाचे पास तसेच राहिले. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी गाड्या सुरू झाल्या आणि टाळेबंदीत बुडालेले दिवस त्यांच्या पासात वाढवून देण्यात आले. पुढे १ फेब्रुवारी २०२१ला सर्वसामान्यांसाठी ठरावीक वेळांत लोकल खुली झाली, तेव्हा इतरांनाही उरलेल्या दिवसांची मुदतवाढ मिळाली. यातला फरक बारीक पण महत्त्वाचा आहे. ते दिवस प्रवासी गेला नाही म्हणून वाढले नाहीत, गाडीच धावली नाही म्हणून वाढले. पावसानं एक दिवस लोकल ठप्प झाली म्हणून त्या दिवसाचा परतावा मागायला कुणी जात नाही आणि गेला तर काय उत्तर मिळेल हे त्यालाही ठाऊक असतं.

दिवस पुढे जात नसले तरी एक किल्ली आपल्या हातात राहते, सुरुवातीची तारीख. पास लगोलग वाढवलाच पाहिजे असं बंधन नाही. गणपतीला दहा दिवस कोकणात जायचं असेल आणि पास चतुर्थीच्या आसपास संपत असेल, तर तो संपू द्यावा. परत आल्यावर नवा काढावा. मधले दहा दिवस कुणाच्याच खात्यात नाहीत. सवयीनं आधीच नूतनीकरण करून ठेवणारा माणूस ते दहा दिवस विकत घेतो आणि मुंबईत सोडून जातो.

इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो. मासिक, तिमाही, सहामाही की वार्षिक? दर सोपे आहेत. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट, वार्षिक १०.८ पट. म्हणजे सगळीकडे दहा टक्के सूट. पण ही सूट दिवसांत बदलून पाहा, मग तिचा अर्थ कळतो. तीन महिन्यांत ०.३ महिना, म्हणजे नऊ दिवस फुकट. सहा महिन्यांत अठरा. वर्षात सुमारे छत्तीस.

याच्याशी आपल्या रजेची तुलना करायची. कल्याण-सीएसएमटीचा मासिक पास ३१५चा, तर वार्षिक सुमारे ३,४०० रुपयांचा. बारा वेळा मासिक काढला तर ३,७८० होतात. वर्षात गणपतीचे दहा आणि मे महिन्याचे पंधरा असे पंचवीस दिवस तुम्ही सलग-सलग गावी जात असाल, आणि दर वेळी पासात नेमकी फट पाडता आली असं धरलं, तरी पंचवीस दिवसच वाचतात. वार्षिक पास छत्तीस वाचवतो. तेव्हा वार्षिकच बरा. मात्र ज्याची रजा चाळीस-पन्नास दिवस सलग असते, उदाहरणार्थ शिक्षक किंवा जहाजावर जाऊन येऊन काम करणारा, त्यानं महिन्याचाच काढावा. वार्षिक पासात दुसराही धोका आहे. त्यात रस्ता वर्षभरासाठी बांधला जातो. सप्टेंबरमध्ये कचेरी नरिमन पॉइंटहून वांद्रे-कुर्ला संकुलात हलली, की फोर्टपर्यंतचा पास अर्ध्या वाटेपुरता उरतो आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. नोकरी बदलायच्या विचारात असलेल्यानं वार्षिक पास काढू नये. साहेबाला कळायच्या आधी पासाच्या खिडकीला कळतं, ते असं.

इथपर्यंतचे सगळे नियम काळ विकणाऱ्या पासाचे होते. मेट्रोत पाऊल टाकलं की तऱ्हा बदलते. तिथला पास फेऱ्या विकतो.

मुंबईत दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्या मेट्रो २अ आणि मेट्रो ७वर २०२३मध्ये 'मुंबई वन' कार्डावर दोन योजना जाहीर झाल्या. तीस दिवसांत ४५ फेऱ्या, १५ टक्के सूट. तीस दिवसांत ६० फेऱ्या, २० टक्के सूट. इथं महिना कॅलेंडरचा नाही, तीस दिवसांचा, आणि एक फेरी म्हणजे एकेरी प्रवास, जाऊन-येऊन नव्हे. तीस दिवस संपले की उरलेल्या फेऱ्या बाद, आणि फेऱ्या आधी संपल्या तर उरलेले दिवस बिनकामाचे. म्हणजे लोकलच्या पासाला एकच काठ असतो, याला दोन. फाटकावर कार्ड लावलं की एक फेरी वजा होते, मग तुम्ही मध्येच उतरा की शेवटपर्यंत जा.

४५ हा आकडा कुठून आला असेल ते पाच दिवसांचा आठवडा धरला की कळतं. महिन्यात बावीस दिवस, चव्वेचाळीस फेऱ्या, एक हातची. अशा माणसाला हा पास अंगाला मापून शिवल्यासारखा बसतो. आता सूट दिवसांत बदलू. ४५ फेऱ्यांवर १५ टक्के सूट म्हणजे आपण सव्वाअडतीस फेऱ्यांचे पैसे भरले. एकोणचाळीसावी फेरी केली तिथून फायदा सुरू. महिन्यात दोन दिवस रजा, एक दिवस घरून काम एवढ्यावर फेऱ्या अडतीसवर येतात आणि फायदा संपतो. नुसत्या कार्डानं प्रवास करूनही थोडी सूट मिळत असेल, तर ही रेघ आणखी वर सरकते.

आणि सहा दिवस जाणाऱ्याचं काय? त्याच्या बावन्न फेऱ्या होतात. साहजिकच तो ६०ची योजना घेतो, कारण ४५ पुरत नाहीत. पण ६०वर २० टक्के सूट म्हणजे अठ्ठेचाळीस फेऱ्यांचे पैसे. त्याऐवजी त्यानं ४५ची योजना घेतली आणि उरलेल्या सात फेऱ्या साध्या तिकिटानं केल्या, तर सव्वाअडतीस अधिक सात, म्हणजे सव्वापंचेचाळीस फेऱ्यांचे पैसे होतात. लहान पासच स्वस्त पडतो, जवळजवळ तीन फेऱ्यांनी. हिशेब पुढे नेला तर मोठी योजना परवडायला महिन्यात किमान पंचावन्न फेऱ्या कराव्या लागतात. योजनेचे टक्के उद्या बदलतील, पण रीत हीच. टक्के वाचायचे नाहीत, 'किती फेऱ्यांचे पैसे भरतोय' ते काढायचं.

एसटीच्या मासिक पासाला हीच रीत लावून पाहा. वीस दिवसांचं जाण्या-येण्याचं भाडं भरा आणि तीस दिवस जा, असा तो पास. तिमाहीला पन्नास दिवसांचं भाडं भरून नव्वद दिवस. लोकलला अकरा दिवसांत वसूल होणारा पास एसटीत विसाव्या दिवशी वसूल होतो. तालुक्याच्या गावी सहा दिवस नोकरीला जाणाऱ्याला महिन्याला पाच-सहा दिवस फुकट पडतात. ज्याला शनिवारची सुट्टी आहे त्याला एक-दोन दिवस, आणि एखादी रजा पडली की तेही नाही. त्याच माणसाला तिमाही पास मात्र परवडतो, कारण तिथं महिन्याला सरासरी सतराच दिवस भरायचे असतात. एकाच कचेरीतल्या दोघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं, ते यामुळे.

राहिला झोन. मुंबईच्या लोकलला झोन नाहीत. तिचा पास म्हणजे दोन खुंट्यांना बांधलेली दोरी. पुण्याच्या पीएमपीचा पास म्हणजे अंगण. तिथं कुठून कुठे हे कुणी विचारत नाही, कुठल्या हद्दीत एवढंच बघतात. १ जून २०२५ला दर बदलले तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला मासिक पास १,५०० रुपये झाला आणि दिवसाचा ७०. हद्दीपलीकडे पीएमआरडीएच्या क्षेत्रात फिरायचं तर दिवसाला १५०. अंगणात कुठल्याही बसमध्ये चढा, दिवसात आठ बस बदला. दोरीवाल्या पासाला हे जमत नाही. ज्याला एकाच मार्गानं रोज जायचं आहे त्याच्यासाठी मात्र अंगणाचा पास महाग पडू शकतो, कारण तो न वापरलेल्या पन्नास मार्गांचेही पैसे भरत असतो. आणि कुंपण कुठं आहे ते बसमध्ये बसून दिसत नाही. निगडीहून तळेगावला जाणारी बस हद्द ओलांडते तेव्हा बाहेर काही बदललेलं नसतं. तेच रस्ते, तशीच दुकानं. बदल फक्त पासात होतो, आणि पुढच्या तुकड्याचं तिकीट वाहकाकडून आपण होऊन मागून घ्यावं लागतं.

अंगण सर्वांत मोठं कुठं असेल तर एसटीच्या 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' योजनेत. १९८८पासून चालू असलेल्या या पासात चार किंवा सात दिवस राज्यभर कुठंही फिरता येतं. दिवस मात्र सलग मोजले जातात. कोल्हापूरला आत्याकडे तीन दिवस मुक्काम ठोकला तर ते तीनही दिवस पासातूनच गेले.

गेल्या गणपतीच्या आधी इमारतीतला तो तीन दिवसवाला शेजारी जिन्यात भेटला. पास चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपत होता आणि अॅप त्याला रोज नूतनीकरणाची आठवण करत होतं. त्यानं ते केलं नाही. गावाहून आला त्या रविवारी रात्री जेवण झाल्यावर त्यानं पास काढला, सोमवारच्या तारखेचा, आणि या वेळी डोंबिवलीऐवजी कल्याणपासूनचा. सोमवारी सकाळी त्याला उलट्या दिशेच्या फलाटावर उभं असलेलं मी माझ्या गाडीच्या दारातून पाहिलं.